पूर्वभागातलं बीपी सर्वेक्षण: नोंदपत्रक तीनदा का बदललं

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका वस्तीत तिथल्याच महिला मंडळाला रक्तदाबाचं छोटं सर्वेक्षण करायचं होतं. दोन-तीन गल्ल्या, सव्वाशेच्या आसपास घरं. बहुतेक घरांत बाई विड्या वळते आणि पुरुष यंत्रमागावर जातो. तीस वर्षांवरच्या किती जणांचा दाब वाढलेला आहे, त्यातल्या किती जणांना ते माहीत आहे आणि माहीत असलेल्यांपैकी गोळी किती जण नियमित घेतात, एवढे तीनच प्रश्न होते. नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी मोजमाप करणार होत्या. सर्वेक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून मंडळाच्या ताईंनी नोंदपत्रक बघायला माझ्याकडे आणलं.

दुसरीकडच्या जुन्या फॉर्मवरून उतरवलेलं ते एका पानाचं पत्रक होतं. वर नाव, वय, पत्ता. खाली ‘बीपी आहे का? हो / नाही’, ‘व्यसन आहे का? हो / नाही’, ‘मीठ जास्त खाता का? हो / नाही’. मग वजन, उंची आणि शेवटी मधे तिरकी रेघ असलेला एकच रकाना: बीपी ____/____. अशी पत्रकं मी खूप पाहिली आहेत. ती भरायला सोपी असतात, पण भरून झाल्यावर त्यातला आकडा त्या माणसाच्या अंगातला की मोजणाऱ्याच्या हातातला, हे कुणालाच सांगता येत नाही. मी ताईंना म्हटलं, आधी बत्तीस जणांवर हेच पत्रक भरून बघू, मग बोलू.

एका सकाळी दोन जोड्या दोन बाजूंनी निघाल्या. एका जोडीकडे दंडावर पट्टा बांधायचं आपोआप मोजणारं डिजिटल यंत्र होतं, दुसरीकडे घड्याळासारखी तबकडी आणि स्टेथोस्कोप. दुपारपर्यंत 32 पत्रकं भरून आली. 13 जणांचा दाब 140/90 किंवा त्याहून जास्त होता, म्हणजे वरचा आकडा 140 ला किंवा खालचा 90 ला पोचलेला. मुली घाबरल्या होत्या. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, “बघा, निम्म्या वस्तीला बीपी आहे.”

मी पत्रकं दोन गठ्ठ्यांत वेगळी केली आणि प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक मोजत बसलो. तबकडीच्या गठ्ठ्यात 15 पत्रकं, म्हणजे 30 आकडे होते. त्यातले 21 शून्यावर संपत होते: 130/80, 140/90, 150/90, पुन्हा 140/90. तबकडीवर दोन-दोनच्या खुणा असतात. नीट वाचलं तर 0, 2, 4, 6, 8 हे अंक साधारण सारख्या वेळा यायला हवेत, म्हणजे तीसमध्ये शून्य सहाच्या आसपास. 21 वेळा शून्य आलं याचा अर्थ काटा पाहून जवळच्या दहावर नेऊन लिहिलं जात होतं. दवाखान्यात एका रुग्णापुरतं हे कदाचित चालून जाईल, पण सर्वेक्षणात आपली सीमारेषाच 140 आणि 90 आहे. 136 चा कुणी 140 झाला की तो रेषेपलीकडे जातो आणि 144 चा 140 झाला तर तो होता तिथेच राहतो. त्यामुळे आकडे पूर्ण करण्याची ही सवय वाढलेल्यांची संख्या फुगवते.

मात्र हे मला शोधता आलं ते केवळ योगायोगाने. कुठली पत्रकं कुणी भरली हे मुलींना त्या दिवशी आठवत होतं. पत्रकावर मोजणारीचा क्रमांक नव्हता, यंत्राचाही नव्हता. आठवड्यानंतर सगळे गठ्ठे मिसळले असते तर शून्यांचा ढीग दिसला असता, पण तो कुठून आला ते कळलं नसतं. म्हणून पहिला बदल हाच केला: वरच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन, एक मोजणारीच्या क्रमांकाचा, एक यंत्राच्या क्रमांकाचा. तबकडी बाजूला ठेवली आणि दंडावरचंच दुसरं डिजिटल यंत्र आणलं.

पुढे रकान्याकडे वळलो. एका घरी मी स्वतः सोबत गेलो. उंबऱ्याच्या आत एक अक्का मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखूचा जर्दा. बोटं चालूच होती. मुलीने विचारलं, “अक्का, बीपी बघायचंय.” त्यांनी डावा हात पुढे केला, उजव्या हाताने सूप सावरलं. हात सुपाच्या कडेवर टेकलेला, म्हणजे काळजाच्या पातळीपेक्षा चांगला वीतभर खाली. पाठीला टेकू नव्हता. पट्टा फुगत असताना त्या आज कच्चा माल किती कमी मिळाला ते सांगत होत्या. यंत्राने 152/94 दाखवलं.

इथे थोडं थांबून हिशेब सांगतो. दंड काळजाच्या पातळीपेक्षा जितका खाली, तितकं रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिसळतं. ते प्रमाण एका सेंटिमीटरला जवळपास पाऊण मिलिमीटर पारा एवढं पडतं. दहा सेंटिमीटर खाली असेल तर सात-आठ अंक तिथेच वाढले. बोलणं, पाठीला आधार नसणं, तुंबलेली लघवी, नुकताच घेतलेला चहा किंवा तंबाखू, हे सगळं वरून भर घालतं. त्यातून अनोळखी मुलगी घरात येऊन पट्टा बांधते म्हणून पहिला आकडा बहुतेकांचा चढाच येतो.

मग आम्ही त्याच अक्कांना नीट बसवलं. घरात खुर्ची नव्हती, शेजारून प्लास्टिकची आणली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंडाखाली दोन उशा रचून पट्टा काळजाच्या पातळीत. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, असं सांगितलं. तीन-तीन मिनिटांच्या अंतराने आणखी दोन मापं घेतली. 140/88 आणि 136/86. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तीन मापं घेऊन पहिलं सोडतात आणि शेवटच्या दोघांची सरासरी धरतात. इथे ती 138/87 आली. जुन्या पत्रकात अक्का ‘बीपी वाढलेली’ म्हणून गेल्या असत्या, नव्यात त्या रेषेच्या अलीकडे आहेत. फार अलीकडे नाहीत, म्हणून त्यांना सहा महिन्यांत पुन्हा तपासा असं सांगितलं.

म्हणून एका रकान्याच्या जागी तीन ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीत वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडी वेगवेगळ्या चौकोनांत. वेळेचा चौकोन मी आग्रहाने ठेवला. तो नसेल तर घाईच्या दुपारी तिन्ही मापं एका मिनिटात उरकली जातात आणि पत्रक मात्र चोख दिसतं. 11:04, 11:07, 11:10 असं लिहायचं म्हटलं की माणूस थांबतो. ओळींच्या वरती पाच गोष्टींवर खूण: पाच मिनिटं शांत बसली, पाठ टेकलेली, दंडाला आधार, बोलणं बंद, गेल्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. एखादी गोष्ट जमली नाही तर खूण करायची नाही, माप मात्र घ्यायचं. खूण नसलेली मापं नंतर वेगळी काढून पाहता येतात.

आणखी एक चौकोन मुलींना आधी निरर्थक वाटला, तो म्हणजे दंडाचा घेर. मध्यम पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. जाड दंडावर हा पट्टा तोकडा पडतो आणि आकडा वाढवून दाखवतो, हे त्यांना शिकवलेलं होतं. पण विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांचे दंड 20-21 चे निघाले. तिथे पट्टा मोठा ठरतो आणि आकडा खरा असतो त्याहून खाली दाखवतो. म्हणजे आपण ज्या बारीक, थकलेल्या बाईला ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून सोडून देतो, तिचंच माप फसवं असू शकतं. टेप लावून घेर लिहायचा आणि त्याच्या शेजारी कुठला पट्टा वापरला ते, एवढं पुरलं. लहान पट्टा मात्र विकत आणावा लागला.

या नव्या पत्रकाने आम्ही त्याच 32 जणांकडे परत गेलो. मुलींचं म्हणणं होतं की ज्या 13 जणांचं जास्त आलं त्यांच्याकडेच जाऊ. मी नको म्हटलं. फक्त चढे आकडे निवडून पुन्हा मोजले तर काही जण आपोआपच खाली येतात, कारण त्यांची निवडच चढ्या क्षणामुळे झालेली असते. पद्धत सुधारली म्हणून उतार पडला की निवडीमुळे, ते मग वेगळं करता येत नाही. 29 जण भेटले. त्यात पहिल्या खेपेचे ‘वाढलेले’ 12 होते. त्यांतले 8 तसेच राहिले, 4 रेषेखाली आले. पूर्वी ठीक ठरलेल्या 17 पैकी एकाचा आकडा रेषेवर गेला. तो बारीक दंडाच्या एका आजीचा होता. 12 चे 9 झाले. एवढ्याशा लोकांवरून टक्केवारी सांगू नये, आम्ही सांगितलीही नाही. पण कोण यादीत येतं आणि कोण सुटतं हे पत्रकावर अवलंबून आहे, हे मुलींनी डोळ्यांनी पाहिलं.

प्रश्नांचा भाग यापेक्षा अवघड निघाला. ‘बीपी आहे का?’ हा प्रश्न आपल्या बोलण्यात अगदी रुळलेला आहे आणि म्हणूनच घातक आहे. चक्कर येते, अंगात ताकद नाही, कुणीतरी ‘लो बीपी’ म्हणून सलाइन लावलं होतं, अशी बाईही ‘हो, आहे ना बीपी’ म्हणते. उलट ज्याची गोळी चालू आहे आणि त्यामुळे दाब ताब्यात आहे, तो म्हणतो, “होतं, आता नाही.” पहिल्या खेपेला दोघांची उत्तरं जशीच्या तशी चढली होती.

त्याऐवजी प्रश्नांची साखळी केली. तुमचा दाब जास्त आहे असं डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी कधी सांगितलं का? सांगितलं असेल तर गोळी दिली होती का? गेल्या दोन आठवड्यांत ती घेतली का? आणि शेवटी, गोळीचं पाकीट दाखवता का? पाकिटावरचं नाव पाहून लिहायचं: अमलोडिपिन, टेल्मिसार्टन, जे असेल ते. पाकीट मागितल्याने दोन प्रकार उघडे पडले. एका मामांची ‘बीपीची गोळी’ म्हणजे पित्ताची गोळी निघाली. एका अक्कांची गोळी खरी होती, पण पाकिटावर तारीख पाच महिन्यांपूर्वीची लिहिलेली आणि दहातल्या सहा गोळ्या शिल्लक. “डोकं दुखलं की घेते,” म्हणाल्या. जुन्या पत्रकात त्या ‘उपचार चालू’ मध्ये गेल्या असत्या. नव्यात ‘सांगितलं: हो, गोळी दिली: हो, दोन आठवड्यांत घेतली: नाही’ अशी त्यांची खरी स्थिती दिसते. गोळी नियमित घेऊन 128/80 असलेला माणूसही मोजणीत ‘उच्च रक्तदाब’ मध्येच धरायचा, फक्त ‘नियंत्रणात’ म्हणून. हे पत्रक भरताना सुटलं तर सर्वांत चांगले उपचार घेणारी माणसंच हिशेबातून गायब होतात.

‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला चोवीसच्या चोवीस बायकांनी ‘नाही’ म्हटलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. व्यसन म्हणजे दारू, सिगारेट, गुटखा. मिश्री लावणं म्हणजे दात घासणं. तव्यावर भाजून कुटलेली ती तंबाखूच असते आणि हिरडीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवली की निकोटिन रक्तात जातं, नाडी आणि दाब दोन्ही चढतात. व्यसन हा शब्दच पत्रकातून काढला. नुसतं विचारलं, “अक्का, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? आज शेवटचं कधी?” आता नऊ बायकांनी मिश्री सांगितली, त्यातल्या तिघी दिवसातून चार वेळा लावणाऱ्या. एकीने मापाच्या दहा मिनिटं आधीच लावली होती. तिला अर्धा तास थांबवून मग पट्टा बांधला. तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसण्याचा प्रश्न वेगळा आहे; तो ‘दिवसाला किती तास विड्या वळता’ एवढाच नोंदवला. त्या धुळीतून किती निकोटिन जातं हे असल्या पत्रकातून कळत नाही. तसा दावा कुणी पुढे करू नये म्हणून मी ते पत्रकावरच लिहून ठेवलं.

मिठाचं थोडक्यात. जास्त खाता का, याला कुणीही हो म्हणत नाही. आम्ही विचारलं, एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो आणि घरात जेवणारी माणसं किती. चार माणसांना 25 दिवस पुरत असेल तर माणशी रोज 10 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते. हा आकडा घराचा आहे, त्या माणसाचा नाही, आणि लोणच्यात गेलेलं मीठ त्यात येतं तर हॉटेलातल्या भजीतलं सुटतं. घरांची ढोबळ तुलना करण्यापुरता तो बरा. कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध, साडीच्या गाठीवरून नाही, एवढी एक ओळ पत्रकावर छापली.

पुरुषांची अडचण मोजमापाची नव्हती. 32 मध्ये 8 पुरुष, त्यातले सहा साठीच्या पुढचे. बाकीचे कारखान्यात. अशा यादीवरून ‘वस्तीतला रक्तदाब’ सांगितला असता तर तो घरी असणाऱ्या बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा झाला असता. म्हणून घराचं एक वेगळं पान केलं. त्यावर त्या घरातल्या तिशीवरच्या प्रत्येकाचं वय, स्त्री-पुरुष, भेटला की नाही, नसेल तर का, आणि पुन्हा कधी यायचं. हे पान आधी भरायचं, मोजमाप नंतर. निदान किती जण सुटले आणि ते कोण होते हे त्यामुळे कळतं. नाव आणि पत्ता याच पानावर राहतो; मोजमापाच्या पानावर फक्त क्रमांक. दोन्ही पानं वेगळ्या फायलींत ठेवली, कारण गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

मोजमापाच्या पानावर महिना आणि दिवसाची वेळ ठळक ठेवायला सांगितलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि उकाड्यात दाब थोडा खाली राहतो. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत केलेली मापं आणि मेमधली मापं शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणं चूक.

सगळं संगणकावर चढवताना एक जुना खड्डा पुन्हा दिसला. मुलींनी एक्सेलमध्ये 142/88 असं एकाच चौकोनात लिहिलं होतं. एक्सेलला तो आकडा नसून मजकूर वाटतो, आणि तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो. म्हणजे 118/70 सुद्धा ‘140 पेक्षा जास्त’. उलट रिकामा चौकोन शून्य धरला जातो आणि न मोजलेला माणूस ‘ठीक’ मध्ये जातो. दोन्हीकडून फसगत, आणि पडद्यावर कसलीच सूचना येत नाही. वरचे आणि खालचे आकडे वेगळे केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या मापांसाठी H ते K हे रकाने ठेवले (H, J वरचे, I, K खालचे) आणि दोन आठवड्यांत गोळी घेतली का ते L मध्ये: 1 हो, 2 नाही, 9 विचारायचं राहिलं. मग हे सूत्र:

```
=IF(COUNT(H2:K2)<4,"",IF(OR(AVERAGE(H2,J2)>=140,AVERAGE(I2,K2)>=90,L2=1),1,0))
```

चारही आकडे नसतील तर उत्तर कोरं राहतं. L मध्ये 9 असलेली पत्रकं मोजणीत घ्यायची नाहीत, परत त्या घरी जायचं.

पत्रकाच्या तळाशी फाडून द्यायची चिठ्ठी जोडली. तिच्यावर सरासरी आकडा आणि पुढे काय करायचं ते मोजणारीने त्याच वेळी लिहायचं. 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर एका मापावरून निदान होत नाही, वेगळ्या दिवशी पुन्हा तपासायचं. 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा एकदम अंधारी येणं असेल तर वाट न पाहता 108 ला फोन. कुठल्या दवाखान्यात पाठवायचं आणि तिथे कोण बघणार, हे सर्वेक्षण सुरू होण्याआधी बोलून ठेवलं. आशाताईंनाही बोलावलं, त्यांच्याकडे तिशीवरच्यांच्या तपासणीचा फॉर्म असतोच, आमची यादी त्यांच्या यादीला जोडली गेली. चिठ्ठी मराठीत आणि तेलुगूत छापली.

तिसरी दुरुस्ती शेवटची ठरली आणि ती पुरुषांमुळे झाली. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आठला मुली एका घरी पोचल्या तेव्हा मागवाले मामा अंगावर कापसाची पिंज घेऊन नुकतेच आले होते. पाच मिनिटं शांत बसवलं तर खुर्चीतच डोळे मिटले. तीन मापं आली: 148/96, 146/94, 144/94. सरासरी 145/94. पत्रकात रात्रीच्या जागरणाला जागा नव्हती, म्हणून मुलीने कडेला पेनने लिहिलं, “रात्रपाळीहून आलेत, झोप नाही.” पुढच्या छपाईत तिथे चौकोन आला: गेल्या चोवीस तासांत झोप किती तास. मामांच्या घराच्या पानावर सुट्टीच्या दिवशीची दुपार लिहून ठेवली आहे, झोप झाल्यावर पुन्हा मोजायला.